नेरुळला चालणारा राउटर घोडबंदरला का हरतो?

माझा मावसभाऊ नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतीतून घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला गेला. राउटर तोच नेला, प्लॅनही तोच, १०० एमबीपीएसचा. नेरुळच्या घरात हॉलमधल्या राउटरवर मागच्या खोलीत मुलीचे ऑनलाइन क्लास बिनतक्रार चालायचे. नव्या घरात हॉलमध्ये स्पीड टेस्ट ९५ दाखवते, मधल्या बेडरूममध्येही ९० च्या आसपास, आणि मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल दर मिनिटाला गोठतो. दोन्ही घरं साधारण सारख्याच लांबीची. त्याचं म्हणणं, "दादा, हा राउटर नक्कीच शिफ्टिंगमध्ये आपटलाय."

राउटर धडधाकट होता. बदललं होतं ते घर, आणि घरातही त्याच्या भिंती. या एकाच उदाहरणाच्या आधारे सिग्नल नेमका कुठे आणि कसा जातो ते पाहू, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या जे टॉवर उभे राहताहेत त्यांतल्या बऱ्याच घरांची हीच कथा आहे.

वाय-फायची ताकद डीबीएममध्ये मोजतात. आकडे उणे असतात, त्यामुळे आधी गोंधळ होतो. −४० म्हणजे जोरदार, −६५ म्हणजे चांगला, −७५ म्हणजे कामचलाऊ, −८५ म्हणजे जवळजवळ संपलाच. हे माप सरळ पट्टीसारखं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं. आकडा १० ने खाली आला, म्हणजे १० डीबी गेले, की ताकद एक दशांश उरते. २० ने खाली आला की शंभरावा भाग. ३ ने खाली आला तरी निम्मी गेलेली असते. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अ‍ॅप हा आकडा दाखवतं.

आता आधी अंतराचा संशय दूर करू. मधे काही नसेल तर अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल ६ डीबीने घटतो. मावसभावाच्या घरात राउटर मुख्य दाराजवळ, शू रॅकच्या वरच्या फळीवर आहे. इंटरनेटवाला फायबर दारातूनच आत आणतो आणि पहिला प्लग दिसेल तिथे डबा ठेवून निघून जातो. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. राउटरपासून तीन मीटरवर, सोफ्यावर बसून ५ गिगाहर्ट्झवर आकडा येतो साधारण −३८. मागची बेडरूम नऊ मीटरवर, म्हणजे तिप्पट अंतरावर. नुसत्या अंतराने यातून साडेनऊ डीबी जातात. मधे भिंती नसत्या तर तिथे −४८ मिळाला असता, आणि −४८ वर काहीही चालतं. म्हणजे अंतर हा गुन्हेगार नाही. नऊ मीटर म्हणजे राउटरच्या दृष्टीने शेजारच.

राहिल्या भिंती. नेरुळ-वाशीच्या जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी खांब आणि तुळया आरसीसीच्या, पण आतल्या भिंती चार इंची विटांच्या, वर प्लास्टर. नव्या उंच टॉवरमध्ये मात्र बरेच बिल्डर अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात. बोलीत याला मायवन म्हणतात. काम झटपट होतं, भिंती सरळसोट येतात, गळती कमी होते. पण अशा घरात खोल्यांमधली भिंतसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटची असते, कुठे चार इंची, कुठे सहा इंची आणि त्याहून जाड. मावसभावाच्या घरात राउटर आणि मागच्या बेडरूमच्या मधे सहा-सहा इंचांच्या अशा दोन भिंती आहेत.

कुठल्या पदार्थात रेडिओलहरी किती शोषल्या जातात याचे सर्वमान्य आकडे आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.२०४० या शिफारशीत दिलेले आहेत. त्यांवरून गणित केलं तर सहा इंची काँक्रीटची भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरीतून साधारण २० डीबी खाते. चार इंची विटांची प्लास्टर केलेली भिंत खाते ५ च्या आसपास. कागदावर २० आणि ५ मध्ये चौपटीचा फरक दिसतो, पण हे माप कसं चालतं ते आठवा. विटेच्या दोन भिंतींनंतर सिग्नलचा दहावा भाग उरतो. काँक्रीटच्या दोन भिंतींनंतर उरतो दहा हजारावा भाग. नेरुळच्या घराचा हिशेब होतो −४८ मधून १० वजा, म्हणजे −५८. कासारवडवलीचा हिशेब होतो −४८ मधून ४० वजा, म्हणजे −८८. पहिल्या आकड्यावर सिनेमा बघा, दुसऱ्यावर फोन नेटवर्कला धड चिकटूनही राहणार नाही.

याचा दोष सगळे भिंतीतल्या सळ्यांना देतात. "लोखंडाचा पिंजरा आहे, सिग्नल बाहेर पडणारच कसा?" असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी लिहितंच. सळ्यांचा वाटा आहे, पण तो दुय्यम. जाळीतल्या सळ्या साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरच्या अंतराने असतात आणि ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबीची. जाळीच्या भोकांतून ती बऱ्यापैकी निसटते. मुख्य खादाड म्हणजे काँक्रीट स्वतःच. त्यात कायम थोडी ओल असते, त्यामुळे ते किंचित वीजवाहक असतं आणि लहरीची ऊर्जा त्यात उष्णता होऊन जिरते. वारंवारता जितकी जास्त, तितकं हे जिरणं जास्त. म्हणूनच २.४ गिगाहर्ट्झची लहर त्याच भिंतीत २० ऐवजी १२ च्या आसपास गमावते. नव्या इमारतीतलं काँक्रीट अजून पुरतं सुकलेलं नसतं, तिथे नुकसान आणखी थोडं वाढतं.

प्रत्यक्षात मागच्या बेडरूममध्ये मोजलं तेव्हा आकडा −८८ नव्हता. −७८ ते −८४ च्या मधे हेलकावे खात होता. गणित चुकलं असं नाही. ते फक्त भिंत फोडून सरळ जाणाऱ्या लहरीचं होतं. घरात लहरी भिंतींवर, फ्रिजवर, कपाटाच्या आरशावर आपटत पॅसेजमधून वळतात आणि दारातून आत शिरतात. लाकडी फ्लश डोअर तीन-चार डीबीच घेतं. मायवनच्या घरात तर बेडरूममध्ये पोचणारा सिग्नल बहुतांशी दारातूनच आलेला असतो. याची खात्री करणं सोपं आहे. मागच्या खोलीत एका जागी फोन टेबलावर ठेवा, आकडा बघा, दार बंद करा, पुन्हा बघा. विटेच्या घरात फरक जाणवतही नाही. इथे दार लावताच तीन-चार डीबी उतरले, कारण दुसरा रस्ताच नव्हता. फोन हातात धरून मात्र ही तुलना करू नका. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात, त्यामुळे फोन दोन-तीन सेंटिमीटर सरकला तरी आकडा बराच हलतो.

इथपर्यंत हळूहळू कमी होण्याचा हिशेब झाला. पण तक्रार हळूहळू कमी होण्याची नसते. तक्रार असते की मधल्या खोलीपर्यंत सगळं छान आणि पुढच्या खोलीत एकदम मेलेलं. हा कडेलोट कुठून येतो?

याचं उत्तर निम्मं प्लॅनमध्ये दडलेलं आहे. दोन अँटेनांचा साधा वाय-फाय ५ राउटर जवळच्या फोनशी ८६७ एमबीपीएसपर्यंतच्या दराने बोलू शकतो. त्यातला मोठा भाग हवेतल्या शिस्तीत, वाट पाहण्यात आणि पोचपावत्यांत जातो, तरी चार-पाचशे हाती लागतात. मावसभावाचा प्लॅन आहे १०० चा. म्हणजे सोफ्यावर बसल्यावर त्याच्याकडे गरजेच्या चौपट-पाचपट क्षमता पडून असते आणि स्पीड टेस्ट तिचा पत्ता लागू देत नाही. मधल्या बेडरूममध्ये एक भिंत पार करून सिग्नल −६४ वर आलेला असतो. क्षमता तिथे बऱ्यापैकी घसरलेली आहे, पण अजून १०० च्या वर आहे, म्हणून टेस्ट पुन्हा ९० दाखवते. पहिल्या भिंतीने केलेलं नुकसान झाकलं जातं. मग दुसरी भिंत येते आणि आतापर्यंतचं सगळं एकदम उघडं पडतं.

उरलेलं उत्तर आहे गोंगाटात. प्रत्येक रिसीव्हरला एक तळाचा खरखराट असतोच आणि ऐकण्याची पट्टी जितकी रुंद, तितका तो जास्त. ५ गिगाहर्ट्झवर राउटर बहुधा ८० मेगाहर्ट्झची रुंद पट्टी वापरतात. तिथे हा खरखराट साधारण −८९ ला असतो. सिग्नल त्याच्या वर २५ डीबी असेल तर राउटर आणि फोन दाट, गुंतागुंतीची भाषा बोलतात आणि एका दमात भरपूर माहिती जाते. सिग्नल उतरला की ते पायरी-पायरीने साध्या, संथ भाषेवर येतात. खरखराटाच्या वर जेमतेम पाच-सहा डीबी उरले की खालची पायरीच शिल्लक राहत नाही. −७५ ला कॉल नीट चालतो आणि −८५ ला तुटतो. या दोहोंमधलं अंतर १० डीबी, म्हणजे सहा इंची काँक्रीटच्या अर्ध्या भिंतीएवढं. म्हणून मावसभावाला वाटतं की बेडरूमचा उंबरा ओलांडताच कुणीतरी बटण बंद केलं.

आणखी एक गोष्ट फोनवरच्या रेषा कधीच सांगत नाहीत. त्या रेषा फोनला राउटर किती ऐकू येतो ते दाखवतात. राउटरला फोन किती ऐकू येतो हे त्यांना माहीत नसतं. ठाणे स्टेशनवर लाउडस्पीकरवरची उद्घोषणा फलाटाच्या टोकालाही ऐकू येते, पण तिथून तुम्ही ओरडून काही विचारलं तर ते उद्घोषकापर्यंत पोचत नाही, तसंच हे. फोनची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कितीतरी कमी असते, बॅटरी वाचवायची असते ना. त्यामुळे सीमेवर आधी वरची दिशा तुटते. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं आणि तो मात्र "तुझा आवाज तुटतोय" म्हणतो, हे याचंच लक्षण. शिवाय वाय-फायमध्ये मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते. पोच राउटरला ऐकू आली नाही की तो तोच तुकडा पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, आणि वेळ त्यातच जातो. म्हणूनच "जास्त ताकदीचा", लांब अँटेनांचा राउटर आणून मोठा फरक पडत नाही. तो जास्त मोठ्याने ओरडेल, पण फोनचं ओरडणं आहे तेवढंच राहील. चांगल्या अँटेना दोन्ही दिशांना मदत करतात, हे खरं. पण त्यातून मिळतात तीनेक डीबी, आणि भिंतीने घेतलेत चाळीस.

मग २.४ गिगाहर्ट्झ का वापरू नये? दोन भिंतींचे २४ आणि अंतराचे साडेनऊ वजा करूनही मागच्या खोलीत तो −६८ च्या आसपास मिळतो. मिळतो, आणि फोन बरेचदा आपणहून त्यावर जातोही. पण या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन आहेत, १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वरच्या, खालच्या, शेजारच्या आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीतून येणारी सगळी नेटवर्कं या तिघांतच कोंबलेली असतात. वाय-फायचा नियम असा की हवेत आधी कान द्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं. संध्याकाळी सगळी सोसायटी घरी परतली की बोलायची पाळीच लवकर येत नाही. अशा वेळी सिग्नल भरपूर दिसतो आणि वेग मिळत नाही.

यावरून निदानाची पद्धत आपोआप सुचते. मागच्या खोलीत आकडा दिवसरात्र −८० च्या आसपास असेल, तर दोष भिंतीचा. आकडा −६५ आहे, पहाटे वेग चांगला आणि रात्री नऊला रडका, तर दोष गर्दीचा. राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरही वेग मिळत नसेल तर वाय-फायला बोल लावू नका, कंपनीला फोन करा. विंडोज लॅपटॉप असेल तर अ‍ॅपचीही गरज नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Signal` पुढे टक्के दिसतात. १०० टक्के म्हणजे −५० किंवा त्याहून चांगला, शून्य म्हणजे −१००, मधलं सगळं सरळ प्रमाणात. म्हणजे ६० टक्के म्हणजे −७०. `Channel` पुढे १ ते १३ मधला आकडा असेल तर तुम्ही २.४ वर आहात, ३६ किंवा त्याच्या वरचा असेल तर ५ वर. `Receive rate` हा त्या क्षणी ठरलेला बोलण्याचा दर आहे. तो हॉलमध्ये शेकड्यांत आणि मागच्या खोलीत दोन आकड्यांत दिसला, तर भिंतींनी काय केलं ते स्क्रीनवरच लिहिलेलं असतं.

उपायांपैकी पहिला, जवळजवळ फुकटचा उपाय म्हणजे राउटर हलवणं. मावसभावाने लांब फायबर पॅच कॉर्ड मागवून डबा शू रॅकवरून पॅसेजच्या तोंडाशी, दारांच्या वरच्या उंचीला नेला. तिथून दोन्ही बेडरूमची दारं दिसतात. मागच्या खोलीतला आकडा −७२ वर आला, दार उघडं असताना. दार लावलं की −७६. क्लास पार पडायला तेवढं पुरतं, पण बायकोचं ऑफिसचं कॉलिंग खोलीच्या त्या टोकाला, खिडकीपाशी चालतं आणि तिथे अजून रखडत होतं.

पुढची पायरी दुसऱ्या डब्याची, आणि इथे लोक हमखास फसतात. रिपीटर किंवा मेश घेतात आणि तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. तो डबा स्वतः −८० वर ऐकत असेल तर तो तेच मरतुकडं कनेक्शन पाच रेषांनी पुढे वाटतो. फोनवर सिग्नल भरलेला, वेग तसाच. बिनतारी मेशचा दुसरा डबा अशा जागी हवा जिथे त्याला स्वतःला −६० च्या आसपास मिळतो, म्हणजे या घरात पॅसेजच्या मध्यावर. तरीही साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

काँक्रीटच्या घरात खरा उपाय तारेचा आहे. मायवनच्या भिंती इमारतीचं वजन पेलतात, त्यामुळे त्यांत खाचा पाडणं किंवा भोकं मारणं हा विषय सोडूनच द्यायचा. पण याच भिंतींत बांधकामाच्या वेळी टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या तारांसाठी पाईप ओतलेले असतात, आणि आता बेडरूममध्ये डिशची तार फारसं कुणी वापरत नाही. त्या टीव्ही पॉइंटची प्लेट उघडून इलेक्ट्रिशियनकडून जुनी तार काढून घ्यायची आणि तिच्याच मागे नेटवर्कची कॅट-६ केबल ओढून घ्यायची. विजेच्या तारांच्या पाईपमधून ती कधीही नेऊ नये. बेडरूमच्या टोकाला साधा राउटर चालतो, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये `Access Point` मोड निवडायचा, नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि प्रिंटर, टीव्ही एकमेकांना सापडत नाहीत. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. चॅनेल मात्र वेगळे. कुठल्या डब्याला चिकटायचं ते शेवटी फोनच ठरवतो. आयफोन तर −७० पर्यंत आहे तिथेच राहतो. या घरात मधे काँक्रीट असल्यामुळे हॉलचा सिग्नल बेडरूममध्ये लवकर ढासळतो आणि फोन वेळेवर बाजू बदलतो. भिंतीचा एवढा एक उपकार.

मावसभावाच्या घरी टीव्हीचा पाईप मोकळा निघाला आणि खिडकीपाशी आता −४५ मिळतो. त्याच मजल्यावरच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मात्र तोच पाईप ओतकामाच्या वेळी सिमेंटचं पाणी शिरून मधेच बुजलेला होता. हे अशा इमारतींत होत असतं. त्यांनी मग चपटी कॅट-६ केबल स्कर्टिंगच्या कडेने चिकटवून, दाराच्या चौकटीला वळसा घालून मागच्या खोलीत नेली. दिसायला फार शोभिवंत नाही, पण वेग तोच येतो.